अडीच लाखांच्या डिस्कचं मागणीपत्र

‘सर्व्हर अतिशय स्लो झाला आहे. नवीन एनव्हीएमई एसएसडी घेतल्यास वेग बारा पटींनी वाढेल. तरी मंजुरी मिळावी.’ संगणक विभागाकडून वरिष्ठांकडे जाणाऱ्या मागणीपत्रांत हा मजकूर थोड्याफार फरकाने कायम भेटतो आणि बहुतेक वेळा तो परत येतो. माझ्या मते तो परतच यायला हवा. बारा पट हा आकडा डिस्कच्या खोक्यावरून उचललेला असतो. साटा जोडणीची एसएसडी सेकंदाला साधारण ५५० मेगाबाइट वाचते आणि आजची एनव्हीएमई सात हजारांच्या घरात जाते, म्हणून बारा पट. पण हा वेग एखादी भलीमोठी फाइल सलग वाचण्याचा आहे. नोंदी घेणारा डेटाबेस असं काम जवळपास करतच नाही. तो दिवसभर काही किलोबाइटचे तुकडे लिहितो आणि प्रत्येक तुकड्यानंतर डिस्कच्या होकाराची वाट बघत थांबतो. त्याला त्रास होतो तो या थांबण्याचा, आणि हे थांबणं किती आहे ते खोक्यावर कुठेच छापलेलं नसतं. ते मोजावं लागतं.

कसं मोजायचं आणि मोजलेलं मंजुरी देणाऱ्यांसमोर कसं मांडायचं, हे एका उदाहरणाने पाहू. पश्चिम महाराष्ट्रातला एखादा सहकारी दूध संघ डोळ्यांसमोर आणा. संघ कल्पनेतला आहे आणि त्याचे आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. पण बाजारातली साधी एसएसडी लावलेला कामाचा सर्व्हर मोजायला घेतला, तर चित्र याच वळणाचं निघतं.

गावोगावच्या प्राथमिक दूध संस्थांमध्ये सकाळी सहा ते साडेआठ संकलन चालतं. उत्पादक किटली घेऊन येतो, दुधाचं वजन होतं, नमुना यंत्रात जातो, फॅट आणि एसएनएफ कळतं, संगणक दर काढतो. ही नोंद संघाच्या मुख्य सर्व्हरवर जाते, तिथून ‘नोंद झाली’ असं उत्तर आलं की पावती छापली जाते. सकाळच्या पाळीत एकूण दोन लाख नोंदी होतात आणि त्यातल्या निम्म्या पावणेसात ते सव्वासातच्या अर्ध्या तासात. त्या वेळी सर्व्हरवर सेकंदाला साठ नोंदी येत असतात.

तक्रार अशी की पावती मधूनच अडकते. रोज अडकते, पण सगळ्यांची नाही. चारपाच जणांच्या पावत्या पटापट निघतात, मग एकाची दोन-तीन सेकंद येतच नाही. मागे रांग असते, म्हणून केंद्रावरचा माणूस पुन्हा बटण दाबतो. तेवढ्यात पहिली नोंद झालेली असते, दुसरीही होते, आणि एका किटलीचं दूध दोनदा मांडलं जातं. मग दुपारभर फोन: “साहेब, अमुक खात्यावरची एक नोंद रद्द करा.”

आता ‘नोंद झाली’ म्हणजे सर्व्हरच्या पोटात नेमकं काय झालं? जुन्या पेढीतला मुनीम व्यवहार झाला की आधी रोजकीर्दीत लिहायचा आणि खतावणी सवडीने करायचा. रोजकीर्दीत शाई उमटली की व्यवहार पक्का. डेटाबेसही तसंच करतो. पोस्टग्रेस घ्या किंवा दुसरा कुठलाही गंभीर डेटाबेस घ्या, बदल आधी एका सलग लिहिल्या जाणाऱ्या नोंदवहीत जातो आणि मूळ तक्त्यांमधले बदल नंतर, सवडीने डिस्कवर उतरतात. पोस्टग्रेसमध्ये या नोंदवहीला वॉल म्हणतात आणि ती `pg_wal` या फोल्डरमध्ये असते. व्यवहार पक्का करण्याच्या क्षणाला कमिट म्हणतात. त्या क्षणी डेटाबेस ऑपरेटिंग सिस्टीमला सांगतो, की वॉलचा हा भाग खरोखर डिस्कवर गेला आहे, आता वीज गेली तरी तो राहील, असं मला कळव. तोवर मी थांबतो. ही आज्ञा म्हणजे `fsync` किंवा तिची धाकटी बहीण `fdatasync`. केंद्रावर पावती छापण्याआधी सर्व्हर जो थांबतो, तो इथे.

एसएसडीच्या आतल्या फ्लॅश चिपवर लिहिणं वाटतं तेवढं झटपट नसतं. एक पान लिहायला शेकडो मायक्रोसेकंद, कधी त्याहून जास्त लागतात. (मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग.) शिवाय लिहिलेल्या पानावर पुन्हा थेट लिहिता येत नाही. आधी कित्येक मेगाबाइटचा अख्खा गट पुसावा लागतो, आणि त्या गटातली कामाची पानं त्याआधी दुसरीकडे हलवावी लागतात. ही आवराआवर डिस्क आपल्या मर्जीने, मधेच केव्हाही करते. साध्या एसएसडी हे सगळं झाकतात: आलेला मजकूर आधी स्वतःच्या छोट्या रॅममध्ये किंवा फ्लॅशच्या वेगवान राखीव भागात घेतात आणि लगेच ‘मिळालं’ म्हणतात. घरच्या लॅपटॉपवर त्यामुळे सगळं छान चालतं. पण `fsync` आली की ही सवलत संपते. वीज गेली तर रॅममधलं पुसलं जाणार, म्हणून डिस्कला फ्लॅशवर लिहूनच उत्तर द्यावं लागतं, आणि नेमकी तेव्हा आवराआवर चालू असली तर उत्तराला शेकडो मिलिसेकंद लागू शकतात.

सर्व्हरसाठी बनवलेल्या एसएसडीमध्ये फरक पडतो तो काही कपॅसिटरमुळे. वीज अचानक गेली तर रॅममधला मजकूर फ्लॅशवर उतरवण्यापुरती ऊर्जा त्यांच्यात साठवलेली असते. म्हणून अशी डिस्क रॅममध्ये मजकूर येताच प्रामाणिकपणे ‘पक्कं’ म्हणू शकते, काही दहा मायक्रोसेकंदांत. मागणीपत्रात ‘वेगवान एसएसडी’ असं लिहिलं जातं, पण पैसे मोजायचे आहेत ते या कपॅसिटरचे. हे न कळता सात हजार मेगाबाइटवाली, गेम खेळणाऱ्यांसाठीची एनव्हीएमई आणली, तर अडीच लाखांऐवजी चाळीस हजारांत काम होतं आणि पावत्या तितक्याच अडकतात. माहितीपत्रकात ‘पॉवर लॉस प्रोटेक्शन’ हे शब्द दिसले म्हणून हुरळून जायचं कारण नाही. काही डिस्कमध्ये त्यांचा अर्थ फक्त आधी लिहिलेलं सुरक्षित राहील, एवढाच असतो. डिस्क लिनक्स सर्व्हरला लावल्यावर एका ओळीत अंदाज येतो:

```
cat /sys/block/nvme0n1/queue/write_cache
```

उत्तर `write through` आलं, तर डिस्क सांगते आहे की माझ्याकडे वीज गेल्यावर पुसलं जाईल असं काही शिल्लक राहत नाही. `write back` आलं, तर प्रत्येक कमिटला फ्लॅशची वाट बघावी लागणार, असं बहुतेक धरून चालावं.

हे झालं कारणाचं ज्ञान. मंजुरी देणाऱ्याला पुरावा हवा असतो, आणि पुरावा बाहेरून आत यावा लागतो. आधी केंद्राला जाणवणारा विलंब, मग त्यातला सर्व्हरचा वाटा, मग त्यातला डेटाबेसचा, आणि सगळ्यात शेवटी डिस्कचा. मधली एक कडी सुटली तरी कुणीही विचारू शकतं, “हे गावातल्या नेटवर्कमुळे कशावरून नाही?” आणि तो प्रश्न रास्त असतो.

पहिली कडी सोपी आहे. नोंद सर्व्हरवर पोहोचली केव्हा आणि उत्तर निघालं केव्हा, हे ॲप्लिकेशनच्या लॉगमध्ये लिहून ठेवायचं. गावातलं नेटवर्क या दोन वेळांच्या बाहेर राहतं. आपल्या संघात पंधरवडाभर हे टिपलं. मधला आकडा, म्हणजे निम्म्या नोंदी ज्याच्या आत होतात तो, ४८ मिलिसेकंद निघाला. तक्रार करण्यासारखं काहीच नाही. पण सकाळच्या दोन लाखांपैकी सुमारे तीन हजार नोंदींना एक सेकंदाहून जास्त लागत होता. हा सगळा विलंब सर्व्हरच्या भिंतीआतला.

दुसऱ्या कडीसाठी डेटाबेसलाच विचारता येतं की, बाबा, तू आत्ता कशासाठी थांबला आहेस? भराच्या अर्ध्या तासात दर सेकंदाला खालची क्वेरी चालवून उत्तरं साठवायची:

```
SELECT wait_event_type, wait_event, count(*)
FROM pg_stat_activity
WHERE state = 'active'
  AND backend_type = 'client backend'
GROUP BY 1, 2
ORDER BY 3 DESC;
```

साठवलेल्या नमुन्यांची बेरीज केली, की वेळ कुठे जातो याचा नकाशा मिळतो. आपल्या संघात थांबलेल्या जोडण्यांपैकी ३८ टक्के `WALSync`वर होत्या, म्हणजे थेट डिस्कच्या होकारासाठी. ३३ टक्के `LWLock` प्रकारच्या `WALWrite`वर होत्या. इथे बरेच जण फसतात. नावात ‘लॉक’ दिसतं, म्हणून ‘हा तर प्रोग्रामचा दोष, डिस्कचा संबंध नाही’ असा निष्कर्ष निघतो. प्रत्यक्षात पोस्टग्रेस एका वेळी एकालाच वॉल डिस्कवर ढकलू देतो. बाकीचे त्याच्या मागे थांबतात आणि बऱ्याचदा त्याच्याच फेरीत त्यांचंही काम होऊन जातं. पुढचा डिस्कसाठी अडला, म्हणून मागचे या कुलुपापाशी अडले. त्यामुळे ते दोन्ही आकडे एकत्रच धरायला हवेत: ७१ टक्के. उरलेल्यात डिस्कवरून वाचण्याची वाट ९ टक्के, खरे लॉक ८ टक्के आणि नुसता हिशेब करण्यात गेलेला वेळ १२ टक्के. समजा हा नकाशा उलटा निघाला असता आणि ७० टक्के वेळ हिशेबात किंवा खऱ्या लॉकमध्ये गेला असता, तर मागणीपत्र तिथेच फाडून एखादा इंडेक्स घालायला बसायला हवं होतं. नव्या डिस्क आणून कासवाच्या गतीने चालणारे सर्व्हर आहेत, त्यातले बरेचसे या जातीचे.

तिसरी कडी खुद्द डिस्कची. पोस्टग्रेससोबत `pg_test_fsync` नावाचं छोटं साधन येतं. ते सेकंदाला किती `fdatasync` होतात हे सांगतं. जुन्या डिस्कवर उत्तर आलं साधारण ३३०, म्हणजे एकाला तीन मिलिसेकंद. हे साधन चांगलं, पण ते फक्त सरासरी देतं आणि प्रत्येक पद्धत मुळात पाच सेकंदच तपासतं. (या साधनाने खोटारडी डिस्कही पकडता येते. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी जुनी फिरती डिस्क सेकंदाला १२० फेरे मारते. तिच्यावर हजारो होकार दिसले, तर मध्ये कोणीतरी न लिहिताच ‘लिहिलं’ म्हणतंय.) पूर्ण चित्रासाठी `fio` लागतं:

```
fio --name=wal --filename=/data/fio.test --size=2g \
    --rw=write --bs=8k --ioengine=sync --fdatasync=1 \
    --time_based --runtime=3600
```

`--filename` मध्ये नेहमी नव्या फाइलचंच नाव द्यावं. तिथे चुकून अख्ख्या डिस्कचं नाव पडलं, तर तिच्यावरचा सगळा डेटा जातो. तास मुद्दाम दिला आहे. पाच मिनिटांत साधी डिस्क आपल्या वेगवान राखीव भागावरच भागवते आणि देखणे आकडे दाखवते. तो भाग भरला की खरा चेहरा दिसतो.

तासाभरानंतर जुन्या डिस्कने काय दाखवलं? मधला आकडा तीन मिलिसेकंद. नव्व्याण्णवावा शतमक मात्र ४०० मिलिसेकंद. म्हणजे सगळे होकार लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीत लावले, तर शंभरातल्या शेवटच्या एकाला ४०० किंवा त्याहून जास्त लागले. संगणकवाले याला पी-९९ म्हणतात. सर्वांत वाईट होकार होता १.९ सेकंदांचा.

आता गणित जुळायला लागतं, आणि सगळ्या मागणीपत्राचा कणा हाच आहे. शंभरात एक म्हणजे क्वचित, असं वाटतं. पण संघाच्या प्रोग्रामने एका नोंदीचे पाच कमिट केले होते: दुधाची नोंद, उत्पादकाचं खातं, संस्थेची चालू बेरीज, पशुखाद्याच्या उचलीची कपात आणि मोबाइलवर जाणारा मेसेज. प्रत्येक कमिट ९९ टक्के वेळा सुरळीत पार पडतो, तर पाचही सुरळीत पार पडण्याची शक्यता ०.९९ चा पाचवा घात, म्हणजे सुमारे ९५ टक्के. वीस नोंदींत एक अडकणार. शंभर उत्पादक असलेल्या संस्थेत रोज सकाळी पाच जण. जेफ डीन आणि लुईझ आन्द्रे बारोसो या गुगलमधल्या दोघांनी २०१३ मध्ये एका गाजलेल्या लेखात हेच मोठ्या प्रमाणावर दाखवलं होतं: प्रत्येक सर्व्हर शंभरात एकदाच रेंगाळत असेल, पण एका विनंतीला अशा शंभर सर्व्हरची उत्तरं लागत असतील, तर १०० पैकी ६३ विनंत्या रेंगाळतात. इथे सर्व्हर एकच आहे, पण हेलपाटे पाच आहेत. अर्थात डिस्कची आवराआवर चालू असते तेव्हा त्या क्षणी आलेले सगळेच अडकतात, त्यामुळे प्रत्यक्षात हे पाच जण विखुरलेले न दिसता घोळक्याने दिसतात. ‘मधूनच सगळ्यांचं एकदम थांबतं’ ही काही केंद्रांची तक्रार त्यातूनच आलेली.

सरासरीच्या भरवशावर राहिलं तर यातलं काहीच हाती लागत नाही. `iostat -x` ही आज्ञा बहुतेक जण वापरतात आणि तिच्यातला `%util` शंभरला टेकला की ‘डिस्क भरली’ असं लिहून टाकतात. एकाच वेळी अनेक कामं हाताळणाऱ्या एसएसडीबाबत या आकड्यावरून काहीच ठरत नाही. त्या आज्ञेच्या माहितीपानावरच तसा इशारा आहे. त्यातल्या त्यात उपयोगी स्तंभ आहे नव्या आवृत्त्यांतला `f_await`, म्हणजे पक्कं करण्याच्या आज्ञेला लागलेला वेळ. पण तीही सरासरीच.

इथवरचा पुरावा घेऊन गेलं की कार्यकारी संचालक सहसा एकच प्रश्न विचारतात: “डिस्क न घेता हे सुटत नाही का?” चांगलं मागणीपत्र हा प्रश्न यायच्या आधी उत्तर देतं. आणि उत्तर खरं द्यावं लागतं, कारण पाच कमिटचा एक कमिट करणं हा उपाय फुकटातला आहे. तो करायलाच हवा. त्याने वीसात एकाऐवजी शंभरात एक नोंद अडकेल, म्हणजे दहा हजारांच्या जागी दोन हजार. डिस्कवरचा भार उतरल्यामुळे कदाचित आणखी कमी. प्रोग्राम बनवणाऱ्यांना त्यासाठी तीन महिने हवेत, आणि दोन हजार तरीही उरतातच. मागणीपत्रात हे दोन्ही लिहावं. लपवलं आणि संचालक मंडळातल्या एखाद्या जाणकाराने ते काढलं, तर बाकीचे खरे आकडेही संशयात येतात.

दुसरा उपाय `synchronous_commit` बंद करण्याचा. मग डेटाबेस डिस्कची वाट न बघता ‘झालं’ म्हणतो आणि वॉल मागाहून लिहितो. सर्व्हर मधेच पडला तर डेटाबेस बिघडत नाही, पण शेवटच्या क्षणांतल्या नोंदी जातात. मूळ सेटिंग असताना जास्तीत जास्त सुमारे ०.६ सेकंदांच्या. भराच्या वेळी या हिशेबाने छत्तीस नोंदी. उत्पादकाच्या हातात छापील पावती आणि संघाच्या खात्यावर दूध नाही, असे छत्तीस जण. पैशाच्या नोंदीला हे चालणार नाही. पण ही सेटिंग एकेका व्यवहारापुरती लावता येते, आणि मेसेज पाठवण्याच्या कमिटला ती बिनदिक्कत लावावी. एखादा मेसेज गेला नाही तर दुपारी पुन्हा पाठवता येतो. `fsync` पूर्ण बंद करण्याचा सल्लाही कुणीतरी देतोच. त्यात वीज गेल्यावर सगळा डेटाबेसच वाचण्यापलीकडे जाऊ शकतो, म्हणून तो सल्ला ऐकूसुद्धा नये.

रॅम वाढवायची? आपल्या नकाशात वाचण्याची वाट फक्त ९ टक्के होती. रॅम वाचण्याला मदत करते. कमिटला डिस्कवर जावंच लागतं.

मग चाचणी. पुरवठादार आठ-पंधरा दिवसांसाठी एखादी डिस्क वापरून बघायला देतात, हे फारसं कुणी विचारत नाही. आपल्या संघाने कपॅसिटरवाल्या दोन एनव्हीएमई मागवून चाचणी सर्व्हरला लावल्या, आधी त्या जुन्या डिस्कइतक्याच भरल्या, कारण रिकामी डिस्क नेहमीच चपळ दिसते. मग बॅकअपमधून डेटाबेस उभा केला आणि एका सकाळच्या नोंदी त्याच क्रमाने, त्याच वेळेच्या अंतराने सोडल्या. `fdatasync`चा मधला आकडा तीन मिलिसेकंदांवरून ५० मायक्रोसेकंदांवर आला. पी-९९ चारशे मिलिसेकंदांवरून अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत.

हे आकडे बघून ‘आठशे पट’ लिहायचा मोह होतो. तो आवरावा, कारण नोंदीचा एकूण मधला वेळ ४८ वरून ३४ मिलिसेकंदांवरच आला. पाच कमिटचे पंधरा-एक मिलिसेकंद वाचले; हिशेब, वाचणं, इतर लॉक जिथल्या तिथे राहिले. सरासरीच्या भाषेत सांगितलं तर लेखाधिकारी म्हणणारच, “चौदा मिलिसेकंदांसाठी अडीच लाख?” पण एक सेकंदापुढच्या नोंदी तीन हजारांवरून दोनशेवर आल्या, आणि केंद्रावरच्या माणसाला जाणवतं ते हे. मागणीपत्राच्या पहिल्या ओळीत हाच आकडा हवा. उरलेल्या दोनशे का उरल्या हेही शोधलं, तर सकाळी सातच्या सुमारास मुख्यालयातून कुणीतरी मासिक अहवाल काढत होतं. तो अहवाल दहानंतर काढायचा, यासाठी खर्च शून्य.

पैशांत मांडताना जरा जपून. जादा दूध एक लिटरही येणार नाही, हे आधी मान्य करावं. मोजता येण्यासारखं आहे ते दुबार नोंदींचं रजिस्टर. रोज सरासरी ९० नोंदी रद्द होतात, एकीला फोन, पडताळणी आणि सही मिळून सहा मिनिटं धरली तर दिवसाला नऊ तास, महिन्याला २७० तास. तासाला दीडशे रुपये धरले तर ४०,५०० रुपये, म्हणजे अडीच लाख साधारण सहा महिन्यांत वसूल. कागदावर हे छान दिसतं, पण हे काम करणारे कर्मचारी कायम पगारावर आहेत. डिस्क आल्याने कुणाचा पगार वाचणार नाही, ते दुसऱ्या कामाला लागतील एवढंच. लेखाधिकाऱ्यांना हे आपल्यापेक्षा चांगलं कळतं. म्हणून ‘बचत’ न म्हणता ‘मोकळे होणारे तास’ म्हणावं, आणि सगळ्याच दुबार नोंदी डिस्कमुळे होत नाहीत, हेही सांगावं. काही केंद्रांवर नेटवर्कच गळतं.

आणखी एक आकडा मागणी वाढवण्याऐवजी कमी करतो, आणि त्यामुळे मला तो फार आवडतो. सर्व्हर-डिस्क किती लिहिणं सोसते हे ‘रोज स्वतःच्या आकाराइतकं किती वेळा’ या मापात सांगतात. रोज एकदा सोसणारी आणि रोज तीनदा सोसणारी यांच्या किमतींत बराच फरक असतो, आणि विक्रेता अर्थातच दुसरी सुचवतो. `smartctl` मध्ये डिस्कवर आजवर किती लिहिलं गेलं ते दिसतं. दोन तारखांमधला फरक काढला की रोजचं प्रमाण मिळतं. आपल्या संघात ते ३५० गिगाबाइट निघालं. १.९२ टेराबाइटच्या डिस्कला हे रोज ०.१८ पट. रोज एकदा सोसणारीसुद्धा पाच वर्षांत गरजेच्या पाचपट पुरते, मग महागडी कशाला? याच हिशेबाची दुसरी बाजू जुन्या डिस्कची आहे. एक टेराबाइटच्या साध्या एसएसडीला ६०० टेराबाइट लिहिण्याची हमी असते असं धरलं, तर या वेगाने ती पावणेपाच वर्षांत संपते. दोन्ही डिस्क एकाच दिवशी बसवलेल्या, एकमेकींच्या प्रती असलेल्या, त्यामुळे दोन्ही एकदमच म्हाताऱ्या होतात. दोन डिस्क आहेत म्हणून निर्धास्त असलेल्या संचालकांना ही ओळ ठळक करून दाखवावी.

मागणीपत्राच्या शेवटच्या परिच्छेदात स्वीकृतीची अट घालावी. ती पुरवठादाराला जितकी बांधते तितकीच मागणाऱ्यालाही. डिस्क बसवल्यावर पंधरा दिवस त्याच पद्धतीने, त्याच वेळेत मोजू. एक सेकंदापुढच्या नोंदी हजारी पंधरावरून हजारी दोनच्या आत आल्या नाहीत, तर डिस्क परत. अटीत ‘रोज तीन हजार’ न लिहिता ‘हजारी’ लिहिण्याचं कारण आहे. हिवाळ्यात पुष्टकाळ, तेव्हा संकलन वाढतं. उन्हाळ्यात कृशकाळ, तेव्हा ते उतरतं. जानेवारीत मोजून एप्रिलमध्ये डिस्क बसवली, तर अडकणाऱ्या पावत्यांचा आकडा डिस्कला हात न लावताही खाली आला असता. पण हजारी प्रमाणही पुरेसं नाही, कारण भार कमी झाला की डिस्क जरा उसंत घेते आणि कमी वेळा अडखळते. म्हणून जुन्या डिस्कचं माप बदलायच्या आदल्याच आठवड्यात पुन्हा घ्यायचं, आणि नव्याची तुलना त्याच्याशी करायची. कृशकाळात अट पुरी झाली, तरी पुरवठादाराची शेवटची दहा टक्के रक्कम डिसेंबरपर्यंत अडवून ठेवायची तरतूद खरेदी समितीकडून करून घेता आली, तर उत्तमच.